डिव्हिडंडनं स्ट्राइक सरकली, स्प्लिटनं लॉट बदलला: उद्यमनगरच्या एका कव्हर्ड कॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला छोटी फाउंड्री चालवणारे एक काका आहेत, त्यांचे हिशोब मी बघतो. नाव सांगत नाही आणि कंपनीलाही नुसतं 'क' म्हणतो, आकडेही सोपे जावेत म्हणून जरा गोल केलेत, बाकी घडलं तसंच लिहितोय.

काकांकडे 'क' चे ३०० शेअर बरीच वर्षं पडून होते आणि त्या शेअरच्या ऑप्शनचा लॉट, म्हणजे एका सौद्यात धरली जाणारी शेअरची संख्या, हीही नेमकी ३०० ची, त्यामुळे ते दर महिन्याला एक कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क, विकून त्याची किंमत म्हणजे थोडं प्रीमियम काढायचे, आणि पाठीमागं शेअर असल्यामुळं हा सरळ कव्हर्ड कॉल. भाव वर गेला तर शेअर देऊन टाकायचे, नाही गेला तर प्रीमियम खिशात. त्यावेळी त्यांनी ऑगस्ट एक्सपायरीचा, म्हणजे ऑगस्टअखेर संपणारा, २,६२० च्या ठरलेल्या भावाचा म्हणजे स्ट्राइकचा कॉल शेअरमागं ३४ रुपयाला विकला होता, म्हणजे १०,२०० रुपये आले होते.

त्याआधी जुलैत कंपनीच्या बोर्डानं एकाच बैठकीत दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या. शेअरमागं ५० रुपये अंतरिम डिव्हिडंड, त्यात १५ नेहमीचा आणि ३५ स्पेशल. आणि दुसरं म्हणजे स्प्लिट, १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर मोडून २ रुपयाचे पाच. डिव्हिडंडची एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो मिळत नाही ती तारीख, ऑगस्टच्या सुरुवातीला आणि स्प्लिटची महिन्याच्या मध्याला, म्हणजे दोन्ही गोष्टी त्या एकाच कॉलच्या आयुष्यात येणार होत्या. घोषणा बाजार बंद झाल्यावर झाली आणि त्या दिवशीचा बंद भाव होता २,४०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, सगळं रामायण त्याच्यावरच आहे.

अडचण कुठं आली

काकांचा पुतण्या पुण्यातनं नोकरी सोडून आलाय आणि आता घरीच ट्रेडिंग करतो. पोरगं हुशार आहे पण ऑप्शन शिकलंय सगळं अमेरिकन व्हिडिओ बघून. डिव्हिडंडच्या एक्स-डेटच्या आदल्या दिवशी दुपारी शेअर २,५४० ला होता आणि २,६२० चा कॉल ४० रुपयाला चालला होता. त्याचं म्हणणं असं, की उद्या शेअर डिव्हिडंडमुळं ५० नं खाली उघडणार, २,४९० ला येणार, मग २,६२० चा कॉल एवढा लांब राहील की तो २४-२५ रुपयावर येईल, तर आज एक लॉट जादा विकून टाकू आणि उद्या सकाळी परत घेऊ, पंधरा-सोळा रुपये गुणिले ३००, साडेचार-पाच हजार असेच.

काका म्हणाले, "आणि बाजारातल्या बाकीच्यांना हे दिसत न्हाई व्हय?" प्रश्न एकदम बरोबर होता, पण पुतण्याकडं उत्तर तयार होतं. डिव्हिडंड मोठा असेल तर एक्स्चेंज स्ट्राइक खाली घेतं हे त्याला माहीत होतं, आपल्याकडं ती मर्यादा शेअरच्या बाजारभावाच्या २ टक्के आहे हेही माहीत होतं. त्यानं कॅल्क्युलेटरवर २,५४० चे २ टक्के काढले, आले ५०.८०. डिव्हिडंड ५०. म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणजे स्ट्राइक हलणार नाही.

चूक इथं झाली. २ टक्के हे आजच्या भावावर बघत नाहीत. कंपनीनं डिव्हिडंड जाहीर केला त्याच्या आदल्या दिवसाच्या बंद भावावर बघतात, आणि घोषणा बाजार बंद झाल्यावर झाली असेल तर त्याच दिवसाच्या बंद भावावर. इथं तो भाव २,४००, त्याचे २ टक्के ४८, आणि डिव्हिडंड ५०. म्हणजे हा डिव्हिडंड नियमाच्या भाषेत असाधारण ठरला तो घोषणेच्या दिवशीच, पुढं शेअर कितीही वर गेला तरी ते बदलत नाही. मी काकांना नंतर सांगितलं की कास्टिंगचा रेट तुम्ही ऑर्डरच्या दिवशीचा धरता, माल उचलायच्या दिवशीचा नाही, तसंच हे, तर त्यांना पटकन कळलं.

इथं अजून दोन गोष्टी लोक हमखास घोळतात. एक म्हणजे बातमीत येतं '५०० टक्के डिव्हिडंड', ते १० रुपयाच्या दर्शनी किमतीवरचे टक्के असतात, त्याचा ऑप्शनच्या नियमाशी काही संबंध नाही. दुसरं, 'स्पेशल' हा शब्द. आपल्याकडं डिव्हिडंडला कंपनी काय नाव देते याला महत्त्व नाही, नेहमीचा आणि स्पेशल दोन्ही मिळून बाजारभावाच्या २ टक्के किंवा त्याहून जास्त झाला की पूर्ण रक्कम स्ट्राइकमधनं वजा होते, नुसता स्पेशल भाग नाही. आणि २ टक्क्याच्या आत राहिला तर एक रुपयाही वजा होत नाही. म्हणजे ४७ असता तर शून्य, ४८ झाला की अख्खे ४८, मधलं काही नाही. २०२२ च्या आधी ही मर्यादा ५ टक्के होती आणि त्याच्या आधी १०, त्यामुळं जुनी पुस्तकं नि जुने लेख वाचून आलेला माणूस अजून वेगळ्याच घोळात असतो. अमेरिकेत परत वेगळंच, तिथं कंपनीचा नियमित डिव्हिडंड केवढाही असला तरी साधारणपणे कॉन्ट्रॅक्टला हात लावत नाहीत, बिगर-नियमित असेल तरच बघतात. पुतण्याच्या डोक्यात हे दोन्ही एकमेकांत मिसळलं होतं.

समोर काय पर्याय होते

त्या दुपारी तीन गोष्टी करता येत होत्या.

पहिली, काहीच न करणं. मूळ कॉल कव्हर्ड आहे, जे व्हायचं ते होऊ दे.

दुसरी, कॉल ४० ला परत घेऊन मोकळं होणं, म्हणजे स्ट्राइक हलो ना हलो काही फरक नाही. ३४ ला विकलेला ४० ला घ्यायचा, १,८०० रुपये नुकसान. काकांना हे नको होतं आणि खरं तर गरजही नव्हती.

तिसरी, पुतण्या म्हणतो तसं एक लॉट जादा विकणं. यात धोका एवढाच नव्हता की गणित चुकेल. जादा लॉटच्या पाठीमागं शेअर नव्हते. आपल्याकडं स्टॉक ऑप्शन एक्सपायरीला खऱ्या शेअरच्या देवघेवीनं सेटल होतात, पैशात नाही, त्यामुळं कॉल आत गेला, म्हणजे भाव स्ट्राइकच्या वर राहिला, तर ३०० शेअर कुठून तरी आणून द्यायचे. आणि युरोपियन पद्धतीचे असल्यामुळं समोरचा मधेच आपला हक्क वापरत नाही, जे काय व्हायचं ते शेवटच्या दिवशी.

चौथी गोष्ट कुणालाच सुचली नाही, ती म्हणजे सर्क्युलर शोधणं. असाधारण डिव्हिडंडसाठी एक्स्चेंज आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन आधी सूचना काढतात, अमुक रुपये वजा होणार आणि अमुक तारखेपासून नवीन स्ट्राइक लागू. ती सूचना त्या दुपारी वेबसाइटवर पडलेली होती, ब्रोकरच्या बुलेटिनमध्येही होती. आणि सर्क्युलर नसतं सापडलं तरी किमतीतच इशारा होता. उद्या नक्की २४ ला जाणारी वस्तू आज ४० ला कोण घेत बसलंय? सगळ्यांना डिव्हिडंड महिनाभर आधीपासून माहीत असताना कॉलची किंमत त्याच्यासाठी घसरलेली नसेल तर बाजारानं स्ट्राइक हलणार हे धरलेलं आहे असा सरळ अर्थ. डिव्हिडंड मर्यादेच्या आत असता तर तोच कॉल त्या दुपारीच २४ च्या आसपास दिसला असता.

काय केलं

काकांनी "बघ की मग, तुझं तू" असं म्हटलं आणि पुतण्यानं काकांच्याच खात्यातनं एक लॉट ४० ला विकला. १२,००० रुपये आले, मार्जिन म्हणजे ब्रोकरकडची अनामत अडकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला शेअर २,४८८ ला उघडला. अंदाजाप्रमाणं. पण पोझिशनमध्ये २,६२० चा कॉल नव्हताच, तिथं २,५७० चा दिसत होता आणि भाव ३९. लॉट तोच ३००.

आदल्या दिवशी शेअर २,५४० आणि स्ट्राइक २,६२०, अंतर ८०. आज शेअर २,४८८ आणि स्ट्राइक २,५७०, अंतर ८२. कॉलवाल्याच्या दृष्टीनं काहीच घडलं नाही, म्हणून किंमतही तीच. हे सगळं आदल्या संध्याकाळी, म्हणजे डिव्हिडंडसकटच्या शेवटच्या दिवशी बाजार बंद झाल्यावर आपोआप झालं.

काका तापले. त्यांची तक्रार वेगळीच होती. "मी २,६२० ला द्यायचं कबूल केलेलं, आता हे म्हणत्यात २,५७० ला द्या. पन्नास रुपयं कुणाच्या बापाचं?" वरवर बघितलं तर खरंच तसं वाटतं. पण ते ५० रुपये डिव्हिडंड म्हणून त्यांच्याच बँकेत जमा होणार होते. २,५७० अधिक ५०, झाले २,६२०. स्ट्राइक हलली नसती तर काकांना डिव्हिडंडही मिळाला असता आणि वर शेअर २,६२० लाच द्यायचा राहिला असता, म्हणजे ज्यानं कॉल घेतला त्याच्या खिशातनं ५० रुपये काढून काकांना दिल्यासारखं झालं असतं. २ टक्क्याच्या आतल्या डिव्हिडंडमध्ये तसंच होतं, फक्त ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं म्हणून कॉल आधीच तेवढा स्वस्त मिळतो आणि फुकट कुणालाच काही मिळत नाही.

आता खरा निर्णय जादा लॉटचा होता. ज्या कारणासाठी तो विकला ते कारण सकाळी सव्वानऊला संपलं होतं. ३९ ला परत घेतला असता तर ३०० रुपये फायदा, त्यातनं ब्रोकरेज नि कर गेला की जवळपास शून्य. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महागात पडलेला क्षण हा, आदली दुपार नव्हे. पुतण्या म्हणाला राहू दे, वेळेचं मूल्य कमी होईल तसं मिळेलच. म्हणजे एका दिवसाचा सौदा तीन आठवड्याचा, पाठीमागं शेअर नसलेला नेकेड कॉल झाला, नवीन काही विचार न करता.

स्प्लिटचा दिवस

स्प्लिट हा प्रकार डिव्हिडंडपेक्षा सरळ आहे. एकाचे पाच म्हणजे गुणक ५. स्ट्राइकला ५ नं भागायचं, लॉटला ५ नं गुणायचं, मर्यादा वगैरे काही नाही, प्रत्येक स्प्लिटला आणि बोनसला हे होतंच. बोनस एकास एक असेल तर गुणक २. भागाकारात तुकडा आला तर स्ट्राइक जवळच्या ५ पैशाला नेतात.

आदल्या दिवशी शेअर २,५६० ला बंद, कॉल ५० ला. लॉट ३०० म्हणजे एका कॉलची किंमत १५,०००. दुसऱ्या दिवशी शेअर ५१२ च्या आसपास, स्ट्राइक ५१४, लॉट १,५००, कॉल १० रुपये. परत १५,०००. लॉटची संख्या तीच, एक कव्हर्ड, एक नेकेड.

गोंधळ झाला तो डिमॅटवर. अॅपवर शेअर दिसत होते ३०० च पण भाव ५१२ चा, त्यामुळं लाल अक्षरात ८० टक्के तोटा. बाकीचे १,२०० शेअर डिमॅटला यायचे होते. काकांचा फोन आला, "कंपनी बुडाली का काय?" स्प्लिट झाला की शेअरचा आयसिन नंबर बदलतो आणि नवीन शेअर जमा होईपर्यंत अॅप असलं काहीतरी दाखवतं. यात ऑप्शनच्या दृष्टीनं एक गोष्ट मात्र बघावी लागते, तुमचा कव्हर्ड कॉल आता १,५०० शेअरचा आहे आणि तेवढे शेअर खात्यात एक्सपायरीच्या आधी आलेले पाहिजेत. इथं वेळ होता म्हणून निभावलं. पुतण्यानं कॉलवर लावलेली जीटीटी ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप लागणारी ऑर्डर, मात्र गेली, कारण ती जुन्या स्ट्राइकच्या नावावर होती, आणि ती गेल्याचं त्याला दोन दिवसांनी कळलं.

शेवटचा आठवडा

स्प्लिटनंतर शेअर स्वस्त झाला म्हणून असेल किंवा बाजारच वर होता म्हणून, शेअर ५२१ वर गेला. एक्सपायरीला तीन दिवस. ब्रोकरकडनं डिलिव्हरीसाठी जादा मार्जिनचे मेसेज सुरू झाले. काका म्हणाले बास, जादाचा लॉट मिटवून टाक.

इथं अशी एक अडचण आली जी कुठल्याच सर्क्युलरमध्ये लिहिलेली नसते. ५१४ ही विचित्र स्ट्राइक. स्प्लिटनंतर एक्स्चेंजनं ५१०, ५१५, ५२० अशा नेहमीच्या स्ट्राइक सुरू केल्या आणि नवीन सगळी गर्दी तिकडं गेली. ५१४ वर उरले फक्त जुने लोक, ज्यांना बाहेर पडायचंय. ५१५ च्या कॉलला खरेदीचा भाव ८.८० आणि विक्रीचा ९, आणि बाजूच्याच ५१४ ला खरेदी ७.५० तर विक्री १२. खरी किंमत ९.६० च्या आसपास असायला हवी होती. मार्केट ऑर्डर मारली असती तर १२ ला गेला असता, १८,००० रुपये. अॅडजस्टमेंटमध्ये कॉन्ट्रॅक्टची किंमत सांभाळली जाते, गिऱ्हाईक सांभाळलं जात नाही.

काकांनी राजारामपुरीतल्या ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन लिमिट ऑर्डर लावायला लावली, ९.८० ला. तासभर काही नाही. मग १०.२० केली, ती लागली. १५,३०० रुपये गेले.

निकाल

जादा लॉटचा हिशोब: आले १२,०००, गेले १५,३००, नुकसान ३,३०० आणि वर खर्च. ज्या सौद्यातनं साडेचार-पाच हजार नक्की मिळणार होते त्यात हे.

मूळ कव्हर्ड कॉल एक्सपायरीला आत गेला, १,५०० शेअर ५१४ नं दिले, ७,७१,००० रुपये. डिव्हिडंड १५,०००, त्यातनं १० टक्के टीडीएस कापून १३,५०० हातात. शेअरचे ७,७१,००० आणि डिव्हिडंडचे १५,००० मिळून ७,८६,०००, म्हणजे बरोबर ३०० गुणिले २,६२०, जे पहिल्या दिवशी कबूल केलं होतं तेच. वर १०,२०० प्रीमियम.

फक्त करात थोडं सरकलं. शेअर जुने होते, त्यामुळं ते १५,००० शेअरच्या भावातनं मिळाले असते तर दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के लागले असते. डिव्हिडंड म्हणून आल्यामुळं काकांच्या ३० टक्के स्लॅबमध्ये बसले. फरक अडीच-तीन हजारांचा. एक्स्चेंजच्या गणितात सगळं समान असतं, तुमच्या रिटर्नमध्ये असेलच असं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोठा डिव्हिडंड जाहीर झाला की त्याच दिवशी घोषणेची वेळ आणि लागू होणारा बंद भाव लिहून ठेवायचा, २ टक्के तिथंच काढायचे. नंतर चालू भावावर परत काढायचं कारण नाही. आणि मर्यादेच्या इतक्या जवळ असेल, ४८ आणि ५० सारखं, तर सर्क्युलर बघितल्याशिवाय सौदा करायचा नाही.

विचित्र स्ट्राइकमध्ये अडकायचं नसेल तर स्प्लिटच्या एक्स-डेटच्या आधीच बाहेर पडायचं किंवा पुढच्या नेहमीच्या स्ट्राइकवर जायचं, तेव्हा दोन्ही बाजूला माणसं असतात. शेवटच्या आठवड्यात अजून एक वाट होती. ५१४ परत घेण्याऐवजी बाजूचा ५१५ चा कॉल ९ ला विकत घ्यायचा. एक्सपायरीला दोन्ही आत गेले तर देणं आणि घेणं आपसात वजा होतं, आणि मधला एक रुपयाचा फरक तेवढा भरावा लागतो, म्हणजे जास्तीत जास्त १० रुपये पडले असते आणि तासभर वाट बघावी लागली नसती. धोका एकच, शेअर बरोबर ५१४ आणि ५१५ च्या मध्ये बंद झाला तर १,५०० शेअर आणून द्यावे लागतात. ५२१ ला असताना मी हा धोका घेतला असता, शेवटच्या दिवशी शेअर ५१५ जवळ आला असता तर नसता घेतला.

याच काळात पुतण्या 'ख' नावाच्या दुसऱ्या कंपनीचा दोन महिने लांबचा कॉल घ्यायच्या विचारात होता. ती कंपनी एका बँकेत विलीन होणार होती, आणि त्याची कल्पना अशी की कॉल आपोआप बँकेच्या शेअरचा होईल. अमेरिकेत साधारण तसं होतं, कॉन्ट्रॅक्टमध्ये जुन्या शेअरऐवजी नवीन कंपनीचे शेअर किंवा रोख येते. आपल्याकडं नाही. जी कंपनी संपणार तिचे सगळे महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे नवीन शेअर कुणाला मिळणार ते ठरवायच्या तारखेच्या, आधीच्या शेवटच्या दिवशी त्या दिवसाच्या बंद भावानं मिटवून टाकतात. एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत गेली तेव्हा २५ शेअरला बँकेचे ४२ असं प्रमाण होतं, रेकॉर्ड डेट १३ जुलै २०२३, आणि लिमिटेडचे ऑगस्ट-सप्टेंबरचे ऑप्शनसुद्धा १२ जुलैलाच संपले. बँकेचे स्वतःचे कॉन्ट्रॅक्ट चालूच राहिले. म्हणजे ज्यानं लिमिटेडचा सप्टेंबरचा लांबच्या स्ट्राइकचा कॉल वेळेसाठी पैसे मोजून धरला होता, त्याची उरलेली वेळ तिथंच गेली, स्ट्राइकला भागून गुणून देणारं कुणी नव्हतं.

यावेळी पुतण्यानं आधी सर्क्युलर वाचलं आणि 'ख' चा कॉल घेतला नाही. रेकॉर्ड डेट अजून जाहीर व्हायचीय म्हणाला, ती कधी येईल त्यावर कॉलला किती दिवस मिळणार ते ठरतं, आणि ते माहीत नसताना दोन महिन्यांचं प्रीमियम कशाला भरू.